"रक्त वगैरे जातं का कुठून?"

डॉक्टरांनी विचारलं आणि वहिनी पटकन म्हणाली, नाही. मी बघतच राहिले. तिला पायातल्या गुठळीसाठी चार महिने रिवारोक्साबान ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, आणि मागच्या पाळीत दोन दिवस तासाला पॅड बदलत होती, रात्रीसुद्धा, वर रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी.

बाहेर येऊन म्हणते, "अगं ती पाळी, रक्त जाणं वेगळं ना!"

परत आत नेलं. मग कळलं की पाळीत दोन गोळ्या तिने मनानेच गाळल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तसं करू नका, गुठळी परत होऊ शकते, गरज पडली तर गोळी बदलता येते. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणीही करायला सांगितली.

पण "पाळीत किती जातं" असं सरळच का नाही विचारत कोणी?