तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीत अनुवाद का नाही?

“इंग्रजी इतकं छान लिहिता, मग मराठीतून इंग्रजीत अनुवादाची कामं का नाकारता?”

कारण इंग्रजीत मला व्याकरणाची चूक सापडते, पण व्याकरणात चपखल बसलेली चूक सापडेलच याची खात्री नसते. मराठीत ती कानाला खटकते, कारण नंतर सुचतं. यात न्यूनगंड नाही. युनेस्कोच्या १९७६ च्या नैरोबी शिफारशीतही हेच आहे: अनुवादकाने शक्यतो मातृभाषेत, किंवा तितकंच प्रभुत्व असलेल्या भाषेत अनुवाद करावा.

एका यंत्राच्या देखभाल पुस्तिकेचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. मूळ वाक्य होतं, ‘दर सहा तासांनी दाब तपासावा.’ अनुवादात ‘शुड’ होतं, शाळेत शिकवतात तसं. पण तांत्रिक मानकांच्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘शुड’ म्हणजे नुसती शिफारस. दाब तपासला नाही तर चालेल का, असं मी मूळ लेखकाला विचारलं. अजिबात नाही, म्हणाले. मी पानोपानी खुणा केल्या.

काम देणाऱ्यांनी माझ्यासमोर उलट भाषांतर ठेवलं. तिसऱ्याच माणसाने इंग्रजीवरून पुन्हा मराठी केलं होतं, आणि त्यात ‘तपासावा’ असंच आलं होतं. “शब्दन् शब्द जुळतोय, तुम्ही उगाच कीस काढताय.” जुळणारच! जाताना जी सवय, तीच येताना. उलट भाषांतरात गाळलेलं वाक्य सापडतं, चुकलेला आकडा सापडतो. दोन्ही वेळा सारखीच झालेली चूक दिसत नाही. हे मला तिथे पटवता आलं नाही, आणि ते अजून सलतं.

शेवटी मी एवढंच मागितलं की इंग्रजी मातृभाषा असलेल्या एका अभियंत्याला मूळ न दाखवता ती पानं द्या आणि वेळ कमी असेल तर काय वगळाल ते विचारा. त्याने दाबाच्या तपासणीवर खूण केली.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे की दुसऱ्या भाषेत कुणी अनुवाद करूच नये. आज तसं म्हणवत नाही. मराठी नीट समजणारे इंग्रजी मातृभाषक किती मिळणार? आणि ‘तपासावा’मधला हुकूम ज्याला ऐकू येत नाही, तोही ‘शुड’च लिहील. अनुवादसेवांसाठीच्या आयएसओ १७१०० या मानकातही मातृभाषेची अट नाही. अनुवाद दुसऱ्या व्यक्तीने मूळाशी ताडून पाहणं मात्र बंधनकारक आहे. माझ्या मते त्यानंतर तिसरा वाचक हवा, मूळ न पाहिलेला, त्याच क्षेत्रातला. “भाषा कशी वाटली?” असं त्याला विचारू नका, सगळे बरी म्हणतात. वाचून तो काय करेल ते विचारा.

असे दोघे मिळाले तर मी इंग्रजीत काम घ्यावं का? कधी वाटतं घ्यावं. पण बहुतेक वेळा त्या दोघांसाठी ना वेळ दिलेला असतो ना पैसे, म्हणून नाही म्हणते.