बावन्न खणांचं वाचनालय

फाट्यावर उतरलं की गावापर्यंत कच्चा रस्ता. पाऊस नुकताच संपलेला असल्यामुळे चाकोऱ्यांमध्ये अजून पाणी होतं, आणि ओल बघायची तर हाच काळ बरा. शाळेला लागून एक रिकामी खोली आहे. तिथे वाचनालय करायचं गावाने ठरवलंय आणि त्यासाठी लोकांकडून देणग्या मागायच्या आहेत. आवाहनाचा कच्चा मसुदा तयार होता, त्यात 'पुस्तकांसाठी मदत करा' इतकंच लिहिलेलं होतं. देणाऱ्याच्या पैशातून नेमकं काय येणार, हे खोलीत उभं राहून मोजायचं, एवढंच या फेरीचं काम होतं.

खोली वीस फूट बाय बारा फूट, म्हणजे साधारण बावीस चौरस मीटर. एक दार, दोन खिडक्या. मागची लांब भिंत जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पांढुरकी झालेली होती आणि हात फिरवला की पीठ सांडावं तसा गिलावा सुटत होता. हे क्षार आहेत. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. तरी खात्री केलेली बरी, म्हणून प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला. थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या अंगाला धरले तर ओल हवेतली, भिंतीकडच्या अंगाला धरले तर भिंतीतली. इथे ते भिंतीकडेच होते.

बाहेरून फेरी मारल्यावर कारणही दिसलं. मागच्या बाजूची माती आतल्या फरशीपेक्षा वीतभर उंच चढली होती आणि छपराचं पाणी थेट तिच्यावर पडत होतं. उपाय रंगाचा नाही. ओलसर भिंतीला ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात रंग पापुद्र्यांनी सुटतो. माती फरशीच्या खाली येईपर्यंत काढायची, पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार द्यायचा, छपराला पन्हळ लावायची, सुटलेला गिलावा खरवडायचा आणि पूर्ण एक कोरडा हंगाम भिंतीला वाळू द्यायचं. दात्यांना सांगायला हे काम आकर्षक नाही, पण यादीत ते पहिलंच असायला हवं. हवेतली आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि अशा भिंतीला टेकवलेली पुस्तकं तर आणखी लवकर खराब होतात.

त्यानंतर फळ्यांचा हिशेब. सुरुवातीला दीड हजार पुस्तकं घ्यायची ठरली आहेत: मोठ्यांसाठी नऊशे, मुलांसाठी सहाशे. मोठ्यांची सर्वसाधारण पुस्तकं एका मीटरमध्ये चाळीसच्या आसपास बसतात, मुलांची पातळ पुस्तकं ऐंशीपर्यंत. म्हणजे मोठ्यांना साडेबावीस मीटर आणि मुलांना साडेसात, एकूण तीस मीटर फळी. पण फळी कधीही गच्च भरायची नसते. गच्च भरली की पुस्तक काढताना वाचक कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतो आणि कणा तिथेच फाटतो. शिवाय नवं पुस्तक मध्ये घालायला जागा राहत नाही. दोन तृतीयांश भरायची असं धरलं तर पंचेचाळीस मीटर फळी लागते.

गावातल्या सुताराकडे जाऊन फळीची लांबी ठरवली. आधीच्या मसुद्यात चार फुटी फळ्या होत्या, कारण त्यात उभे आधार कमी लागतात आणि पैसे वाचल्यासारखे दिसतात. सुतार म्हणाला, "सर, चार फुटीला वर्षभरात पोट येईल." त्याचं म्हणणं बरोबर आहे. सारख्याच जाडीच्या फळीवर सारख्याच दाटीनं पुस्तकं लावली तर वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तीन फुटांऐवजी चार फूट घेतले की वाक तिपटीहून जास्त होतो. जाडी वाढवूनही तो कमी करता येतो, पण अठरा मिलिमीटरवरून पंचवीसवर गेलं तर साहित्य बरंच वाढतं. त्यापेक्षा फळीच तीन फुटी, म्हणजे नव्वद सेंटिमीटरची ठेवणं शहाणपणाचं.

अशा एका फळीला इथे सगळे 'खण' म्हणतात. ओली भिंत सोडून बाकीच्या तीन भिंतींना पाच-पाच खणांचे आठ घोडे, म्हणजे पुस्तकांचे रॅक, बसतात. त्यांचे चाळीस खण. मुलांसाठी खोलीच्या मध्यभागी तीन-तीन खणांचे चार बुटके घोडे, पाठीला पाठ लावून. त्यांचे बारा. एकूण बावन्न खण आणि सत्तेचाळीस मीटरच्या आसपास फळी. मधले घोडे मीटरभर उंचीचेच ठेवायचे. त्याहून उंच झाले की टेबलाशी बसलेल्या माणसाला पलीकडचं दिसत नाही. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान दहा सेंटिमीटर वर आणि घोडा भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुढे, म्हणजे मागून हवा खेळते आणि वाळवीची मातीची रेघ वेळेत दिसते. पुस्तकांनी भरलेला एक खण सहज पंचवीस किलोचा होतो, म्हणून उंच घोडे वरच्या बाजूला भिंतीला पट्टीने बांधलेच पाहिजेत. मुलं फळीवर पाय देऊन चढतात, हे धरूनच चालायचं.

आवाहनाचं एककही इथेच सापडलं. 'एक पुस्तक द्या' असं म्हटलं की देणारा पुस्तकाच्या किमतीएवढे पैसे देतो, आणि फळी, कव्हर, उजेड यांना कुणीच वाली राहत नाही. त्याऐवजी 'एक खण द्या'. एक खण म्हणजे नव्वद सेंटिमीटर फळी, सरासरी एकोणतीस पुस्तकं, त्यांची कव्हरं आणि लेबलं, भिंतीच्या दुरुस्तीतला बावन्नावा हिस्सा, दिव्यांतला बावन्नावा हिस्सा आणि वाचनालय उघडं ठेवणाऱ्या माणसाच्या मानधनातला बावन्नावा हिस्सा.

एकूण खर्चाचे शंभर भाग केले तर या खोलीसाठी वाटणी अशी निघाली: भिंत आणि पन्हळ नऊ, घोडे चोवीस, पुस्तकं अडतीस, कव्हरं-लेबलं सहा, उजेड नऊ, सहा महिन्यांचं मानधन चौदा. प्रत्येक गावात हे आकडे वेगळे पडतील, पण पुस्तकं निम्म्याहून कमी निघाली यात नवल नाही.

कव्हरांचे सहा भाग कशाला, असं विचारणारे भेटतात. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, विषय सांगणाऱ्या वर्गांकाचं लेबल कण्यावर तळापासून तीन-चार सेंटिमीटरवर लागतं, मागे तारीखपत्रक चिकटतं आणि वरून पारदर्शक कव्हर चढतं. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाला दुमडीसकट अडतीस सेंटिमीटर कव्हर लागतं. पन्नास मीटरच्या एका गुंडाळीत, वाया जाणारं धरून, एकशेवीस पुस्तकं होतात. मोठ्यांच्या नऊशे पुस्तकांना आठ गुंडाळ्या लागतील. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते, तिचा डिंक पानात उतरतो आणि नंतर सोडवताना पान जातं. हे सगळं करायला एका पुस्तकामागे दहा मिनिटं धरली तरी दीड हजारांना अडीचशे तास होतात. दोघांनी रोज तीन-तीन तास दिले तर सहा आठवडे. पुस्तकं आल्याचा फोटो टाकला की दुसऱ्या आठवड्यात 'उघडलं का?' विचारणारे दाते असतात. हे सहा आठवडे आवाहनातच लिहिलेले बरे.

जुनी पुस्तकं मात्र मागायची नाहीत, हे ठाम ठरलं. खोकी येतात, त्यात बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं असतात, कसर असते आणि कुबट वासाबरोबर बुरशीही असते. अशा एका खोक्यातून ती सगळ्या घोड्यांवर पसरू शकते. कुणी आणलीच तर खोलीबाहेर उघडायची, पान न् पान बघायचं आणि शंका आली की परत द्यायची.

संध्याकाळी उजेड पाहिला. मध्यभागी एक बल्ब आहे. घोड्याकडे तोंड करून उभं राहिलं की स्वतःचीच सावली पुस्तकांच्या नावांवर पडते आणि खालच्या दोन खणांवरचं काहीच वाचता येत नाही. वाचायला अडीचशे लक्स उजेड धरला, भिंती-छताने शोषलेला प्रकाश हिशेबात घेतला, तर वीस वॅटच्या पाच एलईडी ट्यूब लागतात. त्या घोड्यांना समांतर, दोन फूट पुढे लावायच्या. वीज जाते म्हणून तीन तासांची सोय हवी. शंभर वॅट गुणिले तीन तास म्हणजे तीनशे वॅट-तास. बारा व्होल्टची पंचाहत्तर अँपिअर-तासांची बॅटरी नऊशे देते, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरते. निम्मी वापरली आणि इन्व्हर्टरमधली गळती वजा केली तरी तीनशे सुटतात. मात्र ही बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागेल, तो पैसा आजच्या देणगीत नाही. हेही लिहिलं.

परतीच्या गाडीत रक्कम ठरवली, आणि नेमकी तिथे सगळे चुकतात. देणगी गोळा करणारं संकेतस्थळ आणि पैसे वळते करणारी सेवा मिळून, समजा, शंभरातले आठ कापणार असतील, तर लक्ष्य एकशे आठ नव्हे. एकशे आठवर आठ टक्के कापले की हातात नव्याण्णवच्या थोडं वर येतं. शंभराला 0.92 ने भागायचं, म्हणजे 108.7. फरक लहान वाटतो, पण तो कव्हरांच्या सहा भागांतून जातो.

दुसरा प्रश्न, निम्मेच पैसे आले तर? पन्नास भागांत सगळं निम्मं करता येत नाही, कारण अर्धी भिंत दुरुस्त करून उपयोग नसतो. म्हणून क्रम आधीच जाहीर केला: भिंतीचे पूर्ण नऊ, बॅटरीविना ट्यूबचे चार, सव्वीस खणांचे बारा, पुस्तकांचे तेरा, त्यांच्या कव्हरांचे दोन आणि मानधनाचे दहा. तेरा भागांत पाचशेच्या आसपास पुस्तकं येतात, सव्वीस खणांत त्याहून जास्त मावतात. तरी कात्री पुस्तकांना लावली आणि मानधन चार महिन्यांच्या वर ठेवलं. पुस्तकं नंतर वाढवता येतात. दोनदा कुलूप पाहून परत गेलेलं पोर तिसऱ्यांदा येईलच याचा भरवसा नसतो.

देणाऱ्याला पावतीबरोबर खण क्रमांक आणि दाखल क्रमांक जातील. समजा सतरावा खण, दाखल क्रमांक 465 ते 493. दाखल क्रमांक खरेदीच्या क्रमाने पडतात, पुस्तकं मात्र विषयवार लागतात. म्हणून एका दात्याची पुस्तकं एकाच फळीवर दिसणार नाहीत, हे पावतीवरच छापायचं. बावन्नच्या वर खण दिले गेले, तर जादा रक्कम आधी बॅटरी-बदलीच्या खात्यात आणि मग सातव्या महिन्याच्या मानधनात.