आमची वाटचाल: ऐंशी लिस्टिंग आणि एक शून्य

आमची फर्म लहान आहे. विक्रेत्यांच्या मालाचा तक्ता आमच्याकडे येतो आणि त्यावरून आम्ही ऑनलाइन दुकानासाठी लिस्टिंगचा मजकूर तयार करून देतो: नाव, पाच ठळक मुद्दे आणि खालचं वर्णन. पूर्वी हे सगळं माणसं लिहायची. मग पहिला मसुदा मशीनकडून घ्यायला लागलो आणि आमचं काम लिहिण्याकडून तपासण्याकडे सरकलं. तपासणं हे वेगळंच काम आहे, हे मात्र आम्हाला उशिरा कळलं.

सुरुवातीला प्रत्येक लिस्टिंग वाचायचो. मशीनचा मजकूर सफाईदार असतो, व्याकरण चुकत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर अडत नाही. एकदा आम्ही मुद्दाम ४०० लिस्टिंगांमध्ये २० चुका पेरल्या: कुठे सेंटिमीटरच्या जागी इंच, कुठे तक्त्यात नसलेली वॉरंटी. तपासणाऱ्यांना हे सांगितलं नव्हतं. २० पैकी ११ सापडल्या. दुपारनंतर वाचलेल्या भागातल्या तर बहुतेक सुटल्या होत्या. म्हणजे ‘सगळं वाचलंय’ या शब्दाला आम्ही जो अर्थ देत होतो, तो त्यात नव्हताच. त्या दिवशी ठरवलं: कमी वाचायचं, पण तक्ता शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून वाचायचं.

कमी म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न. कारखान्यांत मालाचे लॉट नमुना काढून तपासण्याची पद्धत जुनी आहे. १९२०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी तिचा पाया घातला. आज त्यासाठी आयएसओ २८५९-१ या मानकातले तक्ते वापरतात, तेच आम्ही घेतले. ५०१ ते १२०० नगांच्या लॉटला नेहमीच्या पातळीवर ८० चा नमुना लागतो. आमचे लॉट साधारण तेवढेच असतात.

चुकांचे वर्ग पाडताना आधी आम्ही भाषेच्या अंगाने विचार केला होता: शुद्धलेखन, वाक्यरचना, सूर. ते सगळं फेकून दिलं. आता एकच प्रश्न विचारतो, हे वाचून गिऱ्हाइकाचं काय होईल? ज्या चुकीमुळे इजा होऊ शकते, वस्तू बसत किंवा चालत नाही, किंवा नसलेल्या गुणासाठी पैसे मोजले जातात, ती गंभीर. माहिती चुकीची किंवा महत्त्वाची गोष्ट गाळलेली, पण वस्तू वापरता येते, ती मोठी. अडखळणारं वाक्य, तोच मुद्दा दोनदा, ती किरकोळ. एका लिस्टिंगमध्ये तीन चुका असल्या तरी ते एकच लिस्टिंग धरायचं, सगळ्यांत वाईट चुकीच्या वर्गात. ८० च्या नमुन्यात गंभीर ०, मोठ्या २, किरकोळ ७ इथपर्यंत लॉट पास. मोठ्या आणि किरकोळ चुकांच्या मर्यादा मानकाच्या तक्त्यातल्या, चालवून घ्यायच्या चुकांचं प्रमाण १ आणि ४ टक्के धरणाऱ्या रकान्यांतून घेतल्या आहेत, शून्य आमचं.

दोन तपासणारे एकाच चुकीला वेगवेगळा वर्ग द्यायचे. म्हणून एक वही केली. वाद झालेली प्रत्येक चूक तिच्यात उतरवायची, निर्णय लिहायचा, पुढे तोच निर्णय लागू.

ही पद्धत खरी पारखली गेली ती बॅगांच्या एका लॉटमध्ये. एकूण ९६० लिस्टिंगं: लॅपटॉप बॅगा ४८०, प्रवासी बॅगा ३००, पाउच-पट्टे वगैरे १८०. त्याआधी तपासणारे यादीच्या वरच्या ओळींतून नमुना उचलायचे, आणि वरच्या ओळी नेमक्या नीट भरलेल्या असायच्या. या वेळी प्रत्येक गटातून प्रमाणात घ्यायचं ठरवलं, ४०, २५ आणि १५, आणि ओळी रँडम आकड्यांनी निवडल्या.

नमुन्यात मोठ्या चुका दोन निघाल्या, म्हणजे मर्यादेत. पण एका प्रवासी बॅगेवर मशीनने ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं होतं. तक्त्यात फक्त ‘वॉटर रेझिस्टंट’ होतं. शिंतोडे सोसणं वेगळं आणि पाणी आत न येणं वेगळं. पावसात त्या बॅगेत लॅपटॉप नेणाऱ्याला हा फरक महागात पडतो. गंभीर एक, लॉट थांबला.

एक शब्द बदलून लॉट पुढे सोडू या, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं. मी ठाम नाही म्हणालो. नमुन्यातली चूक लॉटची खबर देते. तेवढीच दुरुस्त केली तर बाकीच्या ८८० लिस्टिंगांचं काहीच झालेलं नसतं. तो शब्द सगळ्या लॉटमध्ये शोधला. ३१ ठिकाणी सापडला. त्यांपैकी चारच ठिकाणी तक्ता खरोखर वॉटरप्रूफ म्हणत होता. उरलेली २७ चुकीची, आणि कारण आमच्याच सूचनेत निघालं. मशीनला दिलेल्या सूचनेत आम्ही लिहिलं होतं, ‘वैशिष्ट्यं प्रभावीपणे मांडा’. गुण वाढवून सांगायला आम्हीच वाट करून दिली होती. ती ओळ काढली, ‘तक्त्यात नसलेला गुण लिहू नये, गुणाचा शब्द बदलू नये’ अशी घातली, सगळा लॉट पुन्हा लिहून घेतला आणि नव्या ८० ओळी निवडल्या. गंभीर ०, मोठी १, किरकोळ ६. मजकूर आधीपेक्षा कोरडा झाला, किरकोळ चुका वाढल्या. ती किंमत मला मान्य आहे.

तरी त्या शून्याबद्दल मी स्वतःची समजूत घालत नाही. ८० मध्ये एकही गंभीर चूक सापडली नाही, याचा अर्थ लॉटमध्ये ती नाहीच असा होत नाही. ढोबळ हिशेब असा की तीनला नमुन्याच्या संख्येने भागायचं: ३ भागिले ८०, म्हणजे ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आत आहे. मोठ्या चुकांचंही तसंच. शंभरात पाच लिस्टिंगांत मोठी चूक असलेला लॉटसुद्धा आमच्या मर्यादेतून जवळपास चारांत एकदा निसटू शकतो. विक्रेत्याला ‘एक टक्का’ सांगताना आम्ही हेही सांगतो.

म्हणून गंभीर चुकांसाठी नमुन्यावर विसंबणं सोडलं. आता नमुना काढण्याआधी सगळ्या लिस्टिंगांवर एक यांत्रिक चाळणी लावतो. मजकुरातला प्रत्येक आकडा आणि एकक तक्त्याशी जुळवायचं. वॉटरप्रूफ, फायरप्रूफ, लहान मुलांसाठी सुरक्षित, अमुक मॉडेलला बसतं, अशा दाव्यांची यादी ठेवायची, आणि तक्त्यात आधार नसलेला दावा दिसला की ते लिस्टिंग माणसाकडे. यादीतले शब्द वहीतूनच वाढत जातात. पाचांपैकी दोन लॉट नापास झाले तर त्या विक्रेत्याचं काम कडक तपासणीवर जातं, मोठ्या चुकांची मर्यादा दोनावरून एकावर येते, आणि सलग पाच लॉट पास होईपर्यंत तशीच राहते.

चाळणीला एक गोष्ट मुळीच दिसत नाही: तक्ताच चुकीचा असेल तर मजकूर त्याच्याशी तंतोतंत जुळतो. फोटोत तीन कप्पे आणि तक्त्यात चार, असं नमुना वाचणाऱ्यालाच दिसतं. त्यासाठी ‘मुळातली चूक’ असा चौथा रकाना केला आहे. तो पास-नापासाच्या मोजणीत धरत नाही, पण भरलेला रकाना दर लॉटबरोबर विक्रेत्याकडे परत जातो आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय ती लिस्टिंगं आम्ही देत नाही.