तीन वर्षांत भाषा येते, आणि बदलीचा हक्कही

सुरगाणा तालुक्यातल्या एका केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा, तक्ता माझ्याकडे आला. त्यात पहिलीच्या प्रत्येक मुलासमोर ‘घरची भाषा’ या रकान्यात ‘मराठी’ असं भरलेलं होतं. वरपासून खालपर्यंत एकही अपवाद नाही. शैक्षणिक धोरण शाळेपर्यंत पोहोचताना त्याचं काय होतं, हे तपासणं माझं नाशिकमधलं काम आहे. सुरगाणा हा पूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, पलीकडे गुजरातचा डांग लागतो. आठवडे बाजारात उभं राहिलं तर कानावर कोकणा बोली पडते, मधूनच वारली. तिथली सगळी पहिली घरी प्रमाण मराठी बोलते, हे मला पटेना.

कोणी मुद्दाम खोटं भरलं होतं असं मात्र नाही. शाळेचं माध्यम मराठी, कोकणा ही मराठीचीच बोली असा सर्वसाधारण समज, आणि वेगळं काही लिहिलं की वरून फोन येतो हा अनुभव. गुरुजी ‘मराठी’ लिहितात आणि पुढच्या माहितीकडे वळतात. पण या रकान्यावर बरंच काही उभं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावं, मात्र शक्य असेल तिथे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषेची तरतूद याच अटीसह आहे. शक्य कुठे आहे हे ठरवायला आमच्या हातात असतो तो असाच तक्ता, आणि त्यात सगळीकडे मराठी असेल तर करायचं काहीच उरत नाही.

म्हणून केंद्रप्रमुखांना सांगून पडताळणीला गेले. पहिली शाळा दोनशिक्षकी होती. साठपर्यंत पट असला की कायद्याने दोन शिक्षक, म्हणजे पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या. पहिलीत नऊ मुलं होती.

या पडताळणीची आमची एक पद्धत आहे, आणि तिच्यावर माझा भरवसा आहे. मुलांना सूचना द्यायच्या, पण हात पाठीमागे बांधून. शिक्षक बोलताना सतत हातवारे करतात, डोळ्यांनी दाखवतात, वहीकडे मान वळवतात. मूल तेवढ्यावर बरोबर काम करतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, कळतंय की सगळं. मी हात बांधून सांगितलं, “पाटी दप्तराच्या मागे ठेव आणि मग दाराजवळ जाऊन उभी राहा.” मुलीने पाटी उचलली आणि शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. ‘पाटी’ कळली होती, पुढचं वाक्य हरवलं होतं.

मग चित्र. बाजाराचं मोठं रंगीत चित्र भिंतीला लावून मी मराठीत विचारलं, काय काय दिसतंय? उत्तरं आली ती एकेका शब्दाची: बाई, झाड, गाय. त्याच चित्रासमोर अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी कोकणा बोलीत विचारलं. मघाशी पाटी हातात धरून उभी राहिलेली मुलगी बोलायला लागली ती थांबेचना. चित्रातल्या कोंबडीवाल्या बाईची टोपली उघडी राहिली, आता कोंबडी पळणार, मग बाईला घरी रागावतील, असं सगळं तिने रचलं आणि शेवटी ताईंनाच उलट प्रश्न विचारला. आमच्या नोंदीत हे दोन ओळींत बसतं: मराठीत सुटे शब्द, घरच्या भाषेत जोडलेली वाक्यं, कारण आणि परिणाम, स्वतःहून प्रश्न. हे मूल शाळेत ‘अबोल’ म्हणून ओळखलं जात होतं.

शेजारच्या खोलीत तिसरीचा एक मुलगा पुस्तकातला उतारा घडाघड वाचत होता. तिसरीच्या मुलाने मिनिटाला साठ शब्द वाचावेत या अपेक्षेत तो आरामात बसला असता. वाचून झाल्यावर विचारलं, यातला मुलगा का रडला? त्याने तोच परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला. नुसता वाचनाचा वेग मोजून अहवाल पाठवणाऱ्यांनी असा प्रश्न शेवटी विचारून पाहावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या शाळेत गेले आणि तिथेच या सगळ्या प्रकरणाने मला धरून ठेवलं. तिथले पहिली-दुसरीचे गुरुजी निफाडकडचे. आले तेव्हा कोकणा बोलीतला एक शब्द येत नव्हता. मुलांकडून, मदतनिसांकडून, पाड्यावर संध्याकाळी बसून ते शिकले. मुलांची वाक्यं देवनागरीत लिहिलेल्या वह्या त्यांच्याकडे होत्या.

त्यांचा तास मी पूर्ण पाहिला. नवखा शिक्षक अशा वर्गात एक वाक्य मराठीत आणि लगेच तेच बोलीत सांगतो. दिसायला ते चांगलं दिसतं, पण मुलं हुशार असतात. थोड्याच दिवसांत ती मराठी वाक्याच्या वेळी लक्ष काढून घेतात, कारण मागून आपलं वाक्य येणारच आहे हे त्यांना कळलेलं असतं. गुरुजी तसं करत नव्हते. त्यांनी भाषांना कामं वाटून दिली होती. नवी कल्पना कोकणा बोलीतून. त्या दिवशी नागलीची रोपं मोजून सारखे वाटे करायचे होते, ते सगळं बोलणं मुलांच्या भाषेत झालं. मुलांनी सांगितलेलं एक वाक्य फळ्यावर देवनागरीत आलं आणि मुलांनी ते वाचलं. वाटे करणं हाताला आणि डोक्याला पक्कं झाल्यावर त्याच रोपांवर मराठीतला खेळ सुरू झाला, आणि तिथे बोलीची मदत नाही. अर्थ आधीच हातात असल्यामुळे मुलं नव्या वाक्यावर तुटून पडत होती. मराठी अशी येते. घरची भाषा बाजूला सारून येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी म्हणाले, “सर, तुमच्या तासाचं चित्रीकरण करून केंद्रातल्या सगळ्यांना दाखवायला हवं.”

“करा मॅडम, पण लवकर करा,” ते म्हणाले. “माझी इथली तीन वर्षं झाली. पोर्टल सुरू झालं की अर्ज भरणार आहे.”

बाहेरच्या वाचकांना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगते. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात आणि शिक्षकांचे संवर्ग ठरलेले असतात. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की शिक्षक बदली अधिकार प्राप्त होतो, म्हणजे संवर्ग तीन. तो पसंतीच्या शाळा देतो आणि पुढचं संगणक ठरवतो. आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण, सेवेची वर्षं, सगळं तिथे विचारात घेतलं जातं. शिक्षकाला कोणती भाषा येते याला मात्र जागा नाही. गुरुजींना वर्ग चालवण्याइतकी कोकणा यायला जवळपास तीन वर्षंच लागली होती. त्यांच्या जागी येणारा पुन्हा शून्यापासून सुरू करणार. या पाड्यावरचं पहिलीत आलेलं मूल चौथीत जाईपर्यंत त्याला भाषा कळणारा शिक्षक मिळाला तर तो उरल्यासुरल्या काळात.

‘मग स्थानिक शिक्षक नेमा’ हे नाशिकच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली येणाऱ्या क्षेत्रातली स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठीची भरती त्यासाठी उपयोगाची आहेच, आणि ती वर्षानुवर्षं अडकून पडते याचा मला मनापासून राग येतो. पण ती भरती जमात आणि रहिवास पाहते. महादेव कोळी घरातली, मराठीच्या अगदी जवळचं बोलणारी शिक्षिका कोकणा पाड्यावर गेली तर तिचीही अडचण तीच. याच केंद्रातल्या एका शाळेत बहुतेक मुलं महादेव कोळी होती आणि तिथे तक्त्यातलं ‘मराठी’ जवळजवळ बरोबर निघालं. आणखी एका शाळेत कोकणा आणि वारली मुलं एकाच बाकावर. एका केंद्रात ही तऱ्हा, म्हणजे तालुक्यासाठी एकच आदेश काढून भागणार नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. मधल्या निर्णयात एक तरतूद होती: हिंदीऐवजी दुसरी भाषा घ्यायची तर इयत्तेत किमान २० विद्यार्थी हवेत. राज्यभर त्यावर बोललं गेलं. नऊ मुलांची पहिली आणि तिथे आधीच असलेली घरची भाषा त्या चर्चेत मला फारशी दिसली नाही. अशा शाळेत मराठी हीच दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी.

पडताळणीनंतर मी टिपण लिहिलं. तक्त्यात एकाऐवजी तीन प्रश्न असावेत: मूल घरी काय बोलतं, त्याला शाळेची भाषा किती कळते, आणि शिक्षकाला मुलाची भाषा किती कळते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलीच्या पोर्टलला जोडावं आणि भाषा येणाऱ्या शिक्षकाला त्याच भाषेच्या पट्ट्यात पसंती द्यावी.

बैठकीत एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी टिपण नीट वाचलं होतं. ते म्हणाले, “ताई, भाषा येते हे प्रमाणित कोण करणार? आणि भाषा शिकली की इथेच अडकतो हे कळल्यावर कोणता शिक्षक शिकेल?”

दुसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गुरुजींची बायको निफाडला नोकरी करते, आई आजारी आहे. मुलांसाठी त्यांनी जे कमावलं त्याचाच साखळदंड करून त्यांना बांधायचं, हे मला करवणार नाही.

तिथेच कोणीतरी फिलिपिन्सचं उदाहरण काढलं. त्या देशाने दशकभर पहिल्या इयत्तांना मातृभाषेतून शिकवलं, भाषा १९ पर्यंत नेल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा करून सक्ती काढून टाकली. ‘त्यांनाही जमलं नाही’ एवढंच सांगून विषय संपवण्यात आला, म्हणून मी पुढचं सांगितलं. नव्या कायद्याने सगळ्या मुलांची मातृभाषा एकच असलेल्या वर्गांना तिच्यातून शिकवण्याची मुभा ठेवली आहे आणि त्यासाठी अटी घातल्या आहेत: अधिकृत लेखनपद्धती, नोंदवलेला शब्दसंग्रह, त्या भाषेतलं साहित्य, व्याकरण, आणि शाळेत ती भाषा बोलणारे प्रशिक्षित शिक्षक. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त भाषक असलेल्या १२१ भाषा नोंदवणाऱ्या आपल्या देशाने ही यादी भिंतीवर लावावी. पुस्तकं छापून आपण पहिल्या अटींशी झुंजतो आणि शेवटची तशीच राहते. ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांमधून काम सुरू केलं आणि पुढे त्या भाषा बोलणाऱ्या शिक्षकांची पदं वेगळी काढली. तिथेही अडचणी आहेत, पण भाषा पदाला बांधलेली आहे. बदलून येणाऱ्या माणसाच्या मर्जीवर ती अवलंबून नाही.

दिवाळीनंतर या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं द्राक्षबागांच्या मजुरीला दिंडोरी-निफाडला उतरतात आणि मुलं सोबत जातात. टप्प्याटप्प्याने मराठीकडे नेणारा कोणताही आराखडा तिथे तुटतो. हा भाग टिपणात होता, पण बैठकीत तिथपर्यंत वेळच पुरला नाही.

टिपणाचा दुसरा मसुदा आता टेबलावर आहे. बदलीची शिफारस मी काढली. तिच्या जागी दोन गोष्टी लिहिल्या. पहिली म्हणजे हस्तांतर: भाषा येणारा शिक्षक जाण्याआधी नव्या शिक्षकाने एक पूर्ण सत्र त्याच्यासोबत वर्गात काढायचं, आणि वह्या शाळेत राहायच्या. दुसरी, पाड्यावरच्याच माणसाचं मानधनावरचं भाषा सहायकाचं पद, पहिली-दुसरीसाठी. मदतनीस ताईंनी एका चित्रासमोर जे केलं ते रोज करायला कोणीतरी हवं, आणि त्याचे पैसे तिला मिळायला हवेत. वित्त विभाग विचारणार की हे कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचं. शिक्षणाच्या की आदिवासी विकासाच्या, यावर दोन्हीकडच्या लोकांशी बोलणं चालू आहे, आणि दोन्हीकडून समोरच्याचं नाव सांगितलं जातंय. दरम्यान पोर्टल सुरू झालं आहे आणि गुरुजींनी पसंतीक्रम भरला आहे.