दाराबाहेर शब्द कळत होते

कोवर्किंग, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी भाड्याने वापरायची सामायिक ऑफिसं. अशा ऑफिसची बाजारातली ओळख ठरवण्याच्या कुठल्याही कामाची सुरुवात मी एका चाचणीने करते. आजूबाजूच्या स्पर्धकांच्या वेबसाइटवरचा मजकूर साध्या कागदावर छापायचा, नावं आणि लोगो काढून टाकायचे, आणि त्यातून स्वतःचा कागद ओळखायला मालकांना सांगायचं. ज्या ऑफिसबद्दल मी इथे सांगतेय, त्याच्या मालकांनी शेजारच्याच ऑफिसचा कागद उचलला. वेगवान इंटरनेट, लवचीक प्लॅन, उत्साही कम्युनिटी हे सगळ्यांच्याच कागदावर होतं. या गोष्टी नसल्या तर गिऱ्हाईक जातं, पण असल्या म्हणून कुणी येत नाही. डिझाइन एजन्सीज याच गोष्टींना नवे रंग चढवून ‘रीब्रँडिंग’ म्हणून विकतात, याचा मला मनापासून राग आहे.

आमच्या कामात खरी माहिती सोडून गेलेल्यांपेक्षा टिकलेल्यांकडून मिळते. गेलेले लोक ‘परवडत नाही’ म्हणून मोकळे होतात. म्हणून मी वर्षाहून जास्त टिकलेल्या सभासदांची यादी काढली आणि तिच्याशेजारी मीटिंग रूमच्या बुकिंगच्या नोंदी ठेवल्या. बहुतेकांची बुकिंग एकाच माणसाची होती. समुपदेशक, ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई, नोकरीच्या मुलाखती घेणारे, एक दुभाषी. सहा माणसांची खोली एकटा माणूस तासभर घेतो, कारण त्याचं कामच बोलण्याचं असतं आणि ते बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाऊन चालत नाही. मागच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या तर कायम भरलेल्या.

मालक खूश झाले. “म्हणजे आपण ‘शांत ऑफिस’ म्हणूया!”

मी म्हटलं, “आधी ऐकून बघूया.”

तो दिवस माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मी एका खोलीत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचलं आणि मालक बंद दाराबाहेर वही घेऊन उभे राहिले. कोपऱ्यातल्या खोल्यांबाहेर नुसती पुटपुट ऐकू आली. पुढच्या काचेच्या खोल्यांबाहेर मात्र त्यांनी अख्खी वाक्यं उतरवून घेतली. वही बघताना त्यांचा चेहरा उतरला. त्याच खोल्यांमध्ये लोक आपल्या घरातली भांडणं समुपदेशकाला सांगत होते.

कारण वरच होतं. कोपऱ्यातल्या भिंती थेट स्लॅबपर्यंत गेल्या होत्या आणि पुढच्या खोल्यांच्या भिंती फॉल्स सीलिंगला टेकून थांबल्या होत्या. आवाज टाइल्सच्या वरच्या पोकळीतून सरळ बाहेर पडत होता, शिवाय दाराखालच्या फटीतून. अशा वेळी काच कितीही जाड घेतली तरी फारसा उपयोग नसतो. दुसरी गोष्ट मालकांना पटायला वेळ लागला. हॉल जितका शांत, तितके खोलीतले शब्द बाहेर स्पष्ट कळतात. हॉलमध्ये हलका, सलग आवाज असेल तर ते त्यात बुडून जातात. म्हणजे ‘शांत ऑफिस’ हे वचन या सभासदांच्या गरजेच्या नेमकं उलट होतं. त्यांना बोलण्याची मोकळीक हवी होती.

म्हणून पोझिशनिंग, म्हणजे ही जागा नेमकी कोणासाठी आहे हे सांगणारं वाक्य, लिहिलं ते असं: ज्यांचं काम गोपनीय बोलण्याचं आहे, त्यांच्यासाठीची जागा. घोषवाक्य मी मुद्दाम लांबणीवर टाकलं. आधी पुढच्या भिंती स्लॅबपर्यंत नेल्या, दारांना खालून सील बसवले, हॉलमध्ये तो हलका, सलग आवाज सोडणारे साउंड मास्किंगचे स्पीकर लावले. मोठ्या खोल्या तोडून एकट्यासाठीच्या केल्या. टूरचा क्रमही बदलला. पूर्वी मॅनेजर पाहुण्यांना कॉफी मशीन आणि सोफे दाखवत. आता ते खोलीत जाऊन बोलतात आणि पाहुण्यांना बाहेर उभं करतात. ही टूर त्या मॅनेजरांनी इतक्या प्रेमाने बसवली आहे की माझ्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा तीच जास्त काम करते. शेजारी आमचं वाक्य उद्या उचलतील, पण त्यासाठी त्यांना सीलिंग उघडावं लागेल.

याची किंमत लगेच समोर आली. फोनवर विक्री करणाऱ्या एका कंपनीला अठरा डेस्क एकदम हवी होती, तीही मोकळ्या हॉलमध्ये. काम बोलण्याचंच, पण दिवसभर चढ्या आवाजात. मालकांनी विचारलं, “यांना कसं नाही म्हणायचं?” मी नाहीच म्हणायला सांगितलं. अठरा जणांचा तो आवाज मास्किंगला पेलला नसता, खोल्यांमध्येही शिरला असता. शिवाय इतका मोठा एकच भाडेकरू निघून गेला की हॉल एका दिवसात रिकामा होतो. मालकांनी ऐकलं.

तरी एक प्रश्न मला सुटलेला नाही. संध्याकाळचे कार्यक्रम बंद झाल्यावर अगदी सुरुवातीपासूनच्या एक ग्राफिक डिझायनर सोडून गेल्या. त्या कधीच खोली घेत नसत, लोकांत बसायला येत. नव्या सभासदांना सगळ्यांशी ओळख करून देणाऱ्या त्याच होत्या. आता खोल्या भरलेल्या असतात, पण लोक येतात, दार लावतात आणि काम संपवून जातात. हॉलमधली डेस्क अजून निम्मी रिकामी आहेत आणि ती कोणासाठी ठेवायची, यावर मालकांचं आणि माझं एकमत झालेलं नाही.