आईचे पांढरे केस आणि आमच्या घरातली माणसं

इथे जर्मनीत केसांच्या रंगाच्या खोक्यावर धोक्याची सूचना छापावीच लागते. रंगाने तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, सोळा वर्षांखालच्यांनी वापरू नये, काळ्या मेंदीचा तात्पुरता टॅटू काढला असेल तर धोका वाढतो, असं सगळं त्यावर असतं. परवा दुकानात ते वाचताना मला सोलापूरच्या आमच्या मोरीतली स्टीलची वाटी आठवली, जुना टूथब्रश आठवला आणि काळे डाग पडलेला तो टॉवेलही.

आईने चाळिशीच्या आधीपासून केस रंगवले. दर तीन आठवड्यांनी पुडी, पाणी आणि अर्धा तास. मग अडुसष्टाव्या वर्षी एका रविवारी रंग लावला आणि दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली. तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात, भांगाच्या कडेने पाणी सुटलं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे पीपीडीमुळे झालंय. काळ्या रंगाचा मुख्य घटक तोच. इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, असं नसतं. शरीर एकदा त्याला बिथरलं की ते बिथरणं सहसा जन्मभर राहतं आणि पुढच्या वेळी त्रास जास्तही होऊ शकतो.

आईने रंग बंद केला. आमच्याकडची माणसं बोलू लागली ती त्यानंतर.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दोन-तीन महिन्यांत भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा आला. खालचा जुना रंग उतरून तांबूस झाला होता, आणि अंबाडा घातला की पुढून पांढरं, मागे तांबडं-काळं. हा काळ सगळ्यात वाईट, कारण बघणाऱ्याला वाटतं बाई आजारी आहे किंवा घरात काहीतरी घडलंय. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले, संक्रांतीचं हळदी-कुंकू झालं, आणि प्रत्येकीने तिळगूळ घेता घेता एकदा तरी तिच्या भांगाकडे बघितलं.

मोठ्या काकू म्हणाल्या, "अगं, भाऊजी काळेभोर दिसतात. त्यांच्या शेजारी तू थोरली बहीण वाटतीस की." बाबा मिशीसकट रंगवतात. ते गप्प बसले. मला त्यांचा राग आला, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

आत्याने काळ्या मेंदीचा डबा आणला. "हर्बल आहे बघ, अमोनिया नाही, काही होत नाही." इथे आई ठाम राहिली. शुद्ध मेंदीने पांढरे केस केशरी होतात, काळे होत नाहीत. नुसत्या मेंदीने काळा रंग येतोय म्हणजे त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं आहे, आणि अमोनिया नसला म्हणून पीपीडी नसेल असंही नाही. डबा उलटून तिने घटकांची बारीक अक्षरं चष्म्याने वाचली आणि आत्यापुढे बोट ठेवलं. "हे बघा वन्सं, इथे लिहिलंय." आत्याला राग आला. डबा घेऊन गेली, पण तो तिने स्वतः वापरला नाही, हे मला नंतर कळलं.

इथल्या बायका पांढऱ्या केसांनी सायकल चालवतात, कोणी वळून बघत नाही, असं मी आईला फोनवर सांगायचे. खरंच आहे ते. पण इथेही रंगाच्या खोक्यांनी कपाटं भरलेली असतात. फरक इतकाच, की इथे तुमच्या डोक्याबद्दल बोलायला जावा-नणंदा जेवायला आलेल्या नसतात. आणि माझी सर्जरी झाली तेव्हा माझ्या घरी महिनाभर डबा द्यायलाही कोणी आलं नव्हतं. आमच्याकडची माणसं बोलतात, आणि डबाही आणतात. हे मी इथल्या मैत्रिणींना पटवत बसत नाही.

त्यांना आईच्या केसांचं एवढं का लागलं असावं, याचं उत्तर मला मिळालं असं वाटतं. ती पांढरी दिसली की काकू सत्तरीच्या, बाबा त्र्याहत्तरचे आणि आत्या तिच्याहून दोन वर्षांनी थोरली, हे सगळं एकदम उघडं पडतं. सगळ्यांनी मिळून झाकलेलं वय तिने एकटीने उघडं केलं.

आई दर दोन महिन्यांनी खालचे चार बोटं केस कापत राहिली. दीड वर्षाने तांबडं पूर्ण गेलं. केस आता आखूड आहेत, रुपेरी आहेत, थोडे राठ आहेत, म्हणून ती खोबरेल जास्त लावते.

गेल्या महिन्यात मामीचा फोन आला. आधी चटणीचं, पाणी किती दिवसांनी येतंय याचं, मग हळूच, "ताई, बंद करायचं म्हटलं तर किती दिवस लागतात ओ?"

"दीड वर्ष धर," आई म्हणाली. "आणि पहिले सहा महिने लग्नाला जाऊ नकोस, लोक फार विचारतात. गेलीसच तर माझ्या शेजारी बस."