j च्या चौकटीत परत न आलेला १

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बीएस्सीच्या पोरांना सी शिकवतो. आमच्याकडे टेस्टचं वेळापत्रक आम्ही लावतो, पण ती होणार की नाही हे डीपी ठरवतो. त्या दिवशी पोळ्याच्या आधीचा दमट उकाडा होता. लॅबमध्ये ३७ पोरं बसलेली, आणि पहिल्या दहा मिनिटांतच लाईट गेली. डीपीचा फ्यूज उडालाय, वायरमन शेजारच्या गावाला गेलाय, असा निरोप शिपाई घेऊन आला.

घरी सोडायचं तर पुन्हा जमवायला आठवडा जातो. म्हणून फळ्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि म्हणालो, "कागदावर ड्राय रन करा. आउटपुट लिहा. पाच मार्क." `for` सगळ्यांना पाठ झालेला होता, म्हणून मुद्दाम `while` घेतला.

```c
int i = 1, j = 1;
while (i <= 4) {
    while (j <= i) {
        printf("*");
        j++;
    }
    printf("\n");
    i++;
}
```

खिडकीजवळ खुर्ची ओढून मी जमा होतील तसे कागद तपासू लागलो. माझ्या डोक्यातलं उत्तर अर्थातच ठरलेलं होतं: पहिल्या ओळीत एक तारा, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. दोघातिघांनी काहीतरीच लिहिलं होतं, बाकी सगळ्यांनी सुबक त्रिकोण काढला होता. बरोबर, बरोबर, बरोबर.

मग एक कागद आला. त्यावर चार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत एकच तारा.

```
*
*
*
*
```

मी लाल पेनाने फुली मारली. मनात म्हटलं, आतला लूपच कळलेला नाही हिला. तिला बोलावून सांगितलं, "अगं, `i` वाढतोय ना? मग `j <= i` मध्ये तारेही वाढायला नकोत का?"

ती म्हणाली, "सर, मी फळ्यावर जे हाय तेवढंच केलं." आणि कागद उलटा केला. खरं काम मागच्या बाजूला होतं.

तिथे दोन चौकटी होत्या, एक `i` ची, एक `j` ची. किंमत बदलली की ती जुना आकडा खोडून शेजारी नवा लिहायची. `i` च्या चौकटीत १, २, ३, ४, ५ होते. `j` च्या चौकटीतही १, २, ३, ४, ५, एवढेच. मी तिच्या बोटामागे बोट लावून वाचत गेलो. `i` १, `j` १, अट खरी, एक तारा, `j` झाला २. पुन्हा अट: २ हा १ पेक्षा मोठा, म्हणून खोटी. बाहेर या, ओळ बदला, `i` झाला २. आता आतल्या लूपच्या दारात परत उभे राहा. `j` किती? दोनच. त्याला १ करणारी ओळ वर कुठेतरी एकदाच आहे, आणि ती लूपच्या बाहेर. २ <= २ खरी, एक तारा, `j` झाला ३, अट खोटी. पुढच्या ओळीत `i` ३ आणि `j` ही ३.

म्हणजे `j` दर वेळी `i` पेक्षा एकाने पुढे जाऊन थांबत होता, मग `i` वाढून त्याच्या बरोबरीला येत होता, आणि म्हणून प्रत्येक ओळीत नेमका एकच तारा पडत होता. फुली मी माझ्याच फळ्यावर मारायला हवी होती.

चूक कुठून आली तेही कळलं. आमची पिढी टर्बो सीवर शिकली. तिथे व्हेरिएबल ब्लॉकच्या सुरुवातीलाच जाहीर करावे लागत, आणि जाहीर करतानाच किंमतही देऊन टाकायची सवय हाताला लागली. `for` लिहिताना ही सवय झाकली जाते, कारण `for (j = 1; j <= i; j++)` बाहेरच्या लूपच्या प्रत्येक फेरीत `j` ला आपोआप १ वर आणतो. `while` असं काही करत नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच `j` मागे जातो.

बाकीचे कागद मी परत काढले. त्रिकोण काढणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे चौकटी नव्हत्याच. ज्यांच्याकडे होत्या, त्यांनी प्रत्येक ओळीला खरी ठरलेलीच तपासणी लिहिली होती. अट खोटी ठरते ती शेवटची तपासणी त्यांनी गाळली होती, कारण त्या फेरीत छापलं काहीच जात नाही. `j` कुठे येऊन थांबला हे मात्र फक्त तिथेच दिसतं. ते गाळलं की पुढच्या ओळीला हात आपसूक १ लिहितो. पोरांनी कोड वाचलाच नव्हता, ओळखीचं चित्र काढलं होतं. मीही तेच केलं होतं, आणि वर तपासायलाही बसलो होतो.

मी तिला विचारलं, "तुला हे खटकलं नाही का, की एकच तारा येतोय?"

"खटकलं ना. पण `j` परत एकवर न्यायची ओळच सापडंना. खुरपायला गेल्यावर एक पात संपली की नव्या पातीला परत धुऱ्यापासून लागावं लागतं. इथं बाई धुऱ्याकडं गेलीच न्हाई."

वर्ग हसला. मी फळ्याकडे वळलो, पण `j = 1;` लगेच लिहिलं नाही. आधी तारा पुसून तिथे `printf("%d", j)` केलं आणि विचारलं, काय येईल? सगळ्यांनी आता चौकटी काढल्या. उत्तर आलं: १, २, ३, ४, एकाखाली एक. मग `j` ऐवजी `i` छापायला सांगितलं. पुन्हा तेच, १, २, ३, ४. छापायच्या क्षणी दोघांची किंमत सारखीच असते, म्हणून या चुकीत दोन वेगळे प्रोग्राम एकच उत्तर देतात. आकड्यांच्या पॅटर्नमध्ये `i` छापायचा की `j`, हा गोंधळ मुलं कायम घालतात. त्यातच ही चूक असली, तर नुसतं आउटपुट बघून काही हाती लागत नाही.

त्यानंतर `j = 1;` ही ओळ बाहेरच्या लूपच्या आत, आतल्या `while` च्या बरोबर वर लिहिली. आता `j` छापला तर १, १२, १२३, १२३४ आणि `i` छापला तर १, २२, ३३३, ४४४४. दोन्ही पुन्हा कागदावर करायला लावले. कुरकूर झाली, पण लाईट नव्हती, जाणार कुठे.

चारच्या सुमारास पंखे फिरले. एकाने लगेच मशीन चालू करून फळ्यावरचा आधीचा प्रोग्राम टाइप केला. स्क्रीनवर चार तारे एकाखाली एक उभे राहिले. कोणी काही बोललं नाही, पण बाकीची ३६ डोकी तिच्याकडे वळली.

ती मात्र खाली मान घालून दुरुस्त प्रोग्रामची चौकट भरत होती. पाच आकड्यांच्या बेताने आखलेली `j` ची चौकट केव्हाच भरली होती, आणि खोडलेले आकडे समासात उतरले होते. १, २, १, २, ३, १, २, ३, ४, १, २, ३, ४, ५. एकूण चौदा, म्हणजे आतली अट जितक्या वेळा तपासली जाते बरोबर तितके.

"सर," ती म्हणाली, "एक पुरवणी द्या. चौकट मोठी आखते."